अक्षराला गुण किती?

मानखुर्दहून पनवेलकडे जाणारी गाडी खाडीपुलावर चढते आणि पुढचे स्टेशन येते ते वाशी. राज्य मंडळाचे मुंबई विभागीय कार्यालय वाशीतच आहे. मानखुर्दच्या महाराष्ट्र नगरातली किंवा लल्लूभाई कंपाउंडमधली एखादी मुलगी दहावीचा पेपर लिहिते, तेव्हा उत्तरपत्रिकेवर तिचे नाव नसते. शाळेचे नाव नसते, वडील काय काम करतात हे तर नसतेच. तिची ओळख बारकोडच्या पट्टीत जाते आणि पेपर तपासणाऱ्याला तो कुणाचा आहे हे कळू नये याची काळजी घेतली जाते. इतके सगळे झाकल्यावरही एक गोष्ट उघडी राहते, ती म्हणजे तिचे अक्षर.

त्या अक्षरामुळे तिचे गुण बदलतात का आणि बदलावेत का, असे दोन प्रश्न आहेत. शिक्षकांच्या खोलीत ते नेहमी एकत्र विचारले जातात आणि म्हणूनच त्यांचे उत्तर सापडत नाही. आधी पहिला घेऊ.

विज्ञानातला तीन गुणांचा एक साधा प्रश्न पाहू. बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर २० सेंटिमीटर आहे आणि वस्तू भिंगापासून ३० सेंटिमीटरवर ठेवली आहे, तर प्रतिमा कुठे मिळेल? आदर्श उत्तरात गुणांची वाटणी अशी आहे असे समजू: सूत्राला एक गुण, चिन्हांसह किमती घातल्याचा एक आणि एककासह उत्तराचा एक. सूत्र 1/v − 1/u = 1/f. वस्तू भिंगाच्या डावीकडे असल्यामुळे u ची किंमत −३० घ्यायची. मग 1/v म्हणजे १/२० वजा १/३०, म्हणजेच १/६०. प्रतिमा ६० सेंटिमीटरवर.

पहिल्या उत्तरपत्रिकेत समास आखलेला आहे. ‘दिलेले’, ‘सूत्र’, ‘उकल’ अशी शीर्षके आहेत, त्यांच्याखाली रेघा आहेत आणि उत्तर चौकटीत आहे. सूत्र बरोबर आहे, पण ३० च्या आधीचे ऋण चिन्ह राहून गेले. त्यामुळे १/२० अधिक १/३० अशी बेरीज झाली आणि चौकटीत १२ सेंटिमीटर आले. भिंगाचा धडा नीट झालेल्या कुणालाही हा आकडा खटकावा. वस्तू नाभीपलीकडे असताना तिची वास्तव प्रतिमा नाभीय अंतराच्या आत पडूच शकत नाही. पायऱ्यांप्रमाणे या उत्तराला एक गुण मिळतो.

दुसऱ्या उत्तरपत्रिकेत एक ओळ खोडून तिच्याच डोक्यावर दुसरी लिहिली आहे. अक्षर उजवीकडे कलते, मग डावीकडे. सूत्र समासात घुसले आहे. पण चिन्ह घेतले आहे, किमती बरोबर आहेत आणि कोपऱ्यात ६० सेमी लिहिले आहे. याला तीन गुण.

आता गठ्ठ्यातला चाळिसावा पेपर हातात असलेल्या, घड्याळाकडे डोळा ठेवून बसलेल्या परीक्षकाची कल्पना करा. पहिल्या उत्तरावरून नजर घरंगळते, बरोबरची खूण होते आणि चिन्हाची चूक दिसलीच तर ‘मुलाला येते आहे, घाईत राहिले’ म्हणून दोन गुण पडतात. दुसऱ्यात खोडलेली ओळ आधी दिसते. मूल गोंधळलेले आहे असे मत तिथेच तयार होते आणि ‘उत्तर आले आहे, पण रीत धड नाही’ म्हणून तिथेही दोनच. एकाचे तीन आणि दुसऱ्याचा एक असायला हवे होते, ते दोघांचे दोन-दोन झाले. कुणी अन्याय करायचा म्हणून केला नाही, आणि बेरीज तपासली तर तीही बरोबर निघते.

असे खरोखर होते का, हे तपासायची युक्ती शंभर वर्षांपूर्वीच सापडली होती. एकच निबंध दोनदा उतरवून घ्यायचा, एकदा सुवाच्य अक्षरात आणि एकदा गचाळ, मग दोन्ही प्रती वेगवेगळ्या शिक्षकांकडे द्यायच्या. मजकूर शब्दशः तोच असल्यामुळे गुणांत जो फरक पडेल तो अक्षराचा. अमेरिकेत जेम्स यांनी १९२७ मध्ये असा प्रयोग प्रसिद्ध केला आणि चांगल्या अक्षराच्या प्रतींना जास्त गुण पडले. पुढे १९६९ मध्ये मार्शल आणि पॉवर्स यांनी एक पाऊल पुढे टाकले. शिक्षक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी स्पष्ट सांगितले की फक्त आशयाला गुण द्या, बाकी कशाकडे पाहू नका. तरीही नीटनेटकेपणाने गुण हललेच. ‘मी अक्षराकडे बघत नाही’ असे प्रामाणिकपणे म्हणणारा परीक्षकही त्यातून सुटत नाही, हे त्यातून दिसते.

याचे कारण बऱ्याच जणांना वाटते तसे परीक्षकाच्या नाराजीत नाही. ग्रायफेनेडर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वाचनातल्या सहजतेवर बोट ठेवले आहे. वाचायला अडखळले की मनाला ती अडचण मजकुराची वाटते. विचार विस्कळीत आहे, मुद्दा पटत नाही अशी भावना येते, आणि ती कुठून आली हे मन तपासत नाही. त्याच प्रयोगांत एक दिलासाही मिळाला. हा अडखळेपणा अक्षराचा आहे हे वाचणाऱ्याच्या ध्यानात आणून दिले, तेव्हा त्याचा परिणाम ओसरला. ‘निःपक्ष राहा’ असा मोघम उपदेश कामी येत नाही, पण ‘आता जे जड जाते आहे ते अक्षर आहे’ ही नेमकी जाणीव येते.

सुंदर दिसणे म्हणजे नेहमी जास्त गुण, असेही नाही. १९९४ मध्ये पॉवर्स, फाउल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाताने लिहिलेले निबंध टंकित करून घेतले आणि टंकित निबंध हाताने लिहून घेतले. छापील प्रती जिंकतील असे कुणालाही वाटले असते. झाले उलटेच, हस्तलिखित प्रतींना अधिक गुण पडले. टंकित मजकूर आटोपशीर, म्हणजे आखूड दिसतो. त्यातली प्रत्येक चूक डोळ्यात भरते आणि वाचणाऱ्याची अपेक्षाही वाढलेली असते. म्हणजे मांडणी गुण हलवते, पण कुठल्या दिशेला हे परीक्षकाने मनात काय गृहीत धरले आहे त्यावर ठरते. असल्या मापाला माप म्हणणे कठीण आहे.

आता दुसरा प्रश्न, गुण बदलावेत का? इथे ‘अक्षर’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात आणि प्रत्येकीचा निवाडा वेगळा आहे.

पहिली गोष्ट वाचता येण्याची. उत्तर वाचताच आले नाही, तर गुण कशाला द्यायचे? इतपत सगळ्यांना मान्य आहे. पण देवनागरीत वाचता न येणे नेमके कुठे घडते हे पाहण्यासारखे आहे. पेपरच्या शेवटच्या अर्ध्या तासात मुले पहिल्यांदा टाकतात ती शिरोरेषा. वेळ वाचतो, हात मोकळा होतो. पण ध आणि घ यांच्यातला, भ आणि म यांच्यातला, थ आणि य यांच्यातला फरक दाखवणारी मुख्य खूण शिरोरेषेतच आहे. ध, भ, थ यांच्या डोक्यावर रेषा तुटते; घ, म, य यांच्यावर ती अखंड जाते. रेषाच नसेल, तर सगळा भार वरच्या छोट्या गाठीवर येतो, आणि घाईत पहिली बुजते ती तीच. गणितात आणि विज्ञानात याची किंमत मोजावी लागते, कारण ‘धन’ आणि ‘घन’ हे दोन्ही तिथले पारिभाषिक शब्द आहेत. ‘ही संख्या धन आहे’ आणि ‘ही संख्या घन आहे’ ही दोन वेगळी विधाने आहेत. ख सुटा पडला की ‘रव’ होतो. आकड्यांत १ आणि ९, ५ आणि ६ एकमेकांत मिसळतात.

अशा ठिकाणी परीक्षकाने काय करावे? आजूबाजूचे वाचावे. पुढच्या ओळीत त्या संख्येचे वर्गमूळ काढले असेल, तर शब्द ‘धन’ असावा. तेच चिन्ह त्याच मुलाने मागच्या पानावर कसे काढले आहे ते पाहावे; प्रत्येक हाताची स्वतःची एक रीत असते आणि दोन पाने वाचली की ती कळते. तरीही ठरत नसेल, तर उत्तरपत्रिका दुसऱ्याच्या हाती देऊन तेवढी ओळ मोठ्याने वाचायला सांगावी. दोन माणसांनी न सांगता एकच वाचले, तर ते वाचता येते; मग ते कितीही ओबडधोबड असो, गुण पूर्ण. दोघांनी वेगळे वाचले, तर तेवढा शब्द नाही असे धरावे आणि त्या शब्दावर अवलंबून असलेलाच गुण कापावा. संपूर्ण उत्तरावर काट मारू नये.

दुसरी गोष्ट, मांडणी हाच प्रश्न असतो तेव्हाची. पत्रलेखनात दिनांक, मायना, विषय आणि पत्ता योग्य जागी असणे हाच विचारलेल्या कौशल्याचा भाग आहे. हिशेबाच्या खात्यात नावे आणि जमा कुठल्या बाजूला लिहिली यावर उत्तर बरोबर की चूक ते ठरते. इथे मांडणीला गुण असायलाच हवेत. मात्र हे गुण देखणेपणाचे नाहीत. मंडळाच्या स्वतःच्याच सूचना याबाबतीत सहसा समजतात त्यापेक्षा शहाण्या आहेत. विज्ञानाच्या पेपरवर आकृती शास्त्रीयदृष्ट्या योग्य आणि नामनिर्देशित हवी असे सांगितलेले असते, सुंदर हवी असे नाही. किरणाकृतीत बाण नसेल, तर किरण कुठे चालला ते कळत नाही. तिथे गुण जावा. रेघ किंचित वाकडी आहे म्हणून जाऊ नये. भूमितीच्या पेपरवरची सूचना तर टापटिपीच्या थेट विरोधात जाते: रचनेच्या खुणा स्पष्ट ठेवा, पुसू नका. कंपासने मारलेले कंस खोडरबराने साफ करून चकाचक त्रिकोण ठेवणारे मूल इथे गुण गमावते, आणि खुणांनी भरलेले पान ठेवणारे मिळवते. कारण त्या कंसांवरूनच कळते की रचना केली आहे, डोळ्यांनी जुळवलेली नाही.

तिसरी गोष्ट उरते ती निव्वळ टापटीप. वाचता येते, मुद्दे आहेत, क्रम आहे, पण पान देखणे नाही. खरा वाद याच्यावरच असतो.

मराठी माणसाला देखण्या अक्षराचे मोठे अप्रूप. समर्थ रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेवर वेगळा समास लिहिला, आणि कित्ता गिरवणे शाळेच्या कित्येक पिढ्यांच्या अंगवळणी पडले. मोत्यांसारखे अक्षर म्हटले की त्याच्यामागे शिस्त, चिकाटी, संस्कार असे सगळे आपोआप उभे राहते. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेवरही स्वच्छता आणि नीटनेटकेपणाकडे लक्ष देण्याची सूचना छापलेली असते. पण या सूचनेपुढे गुणांचा आकडा नसतो. किती गुण, कशासाठी, कुणी कापायचे हे सांगितलेले नाही. मग प्रत्येक परीक्षक ती आपल्या तराजूत घालतो: एक तिला ऐंशीपैकी शून्य मानतो, दुसरा पाच. सूचना मुलांसाठी चांगली आहे, तपासणीसाठी घातक.

केंद्रीय लोकसेवा आयोगाने उघडपणे उलटी वाट धरली आहे. नागरी सेवा परीक्षेच्या नियमांत लिहिलेले असते की उमेदवाराचे हस्ताक्षर सहज वाचता येत नसेल, तर त्याच्या एकूण गुणांतून त्यापोटी वजावट होईल. मला हा नियम कडक वाटतो, पण त्यात एक प्रामाणिकपणा आहे. कात्री कुठे आहे ते आधीच दाखवले आहे आणि ती फक्त दुर्बोध अक्षरावर चालते. सुंदर अक्षराला जादा गुण द्या, असे तो म्हणत नाही.

शाळांत नेहमी सुचवला जाणारा मधला उपाय म्हणजे टापटिपीसाठी दोन गुण वेगळे ठेवा आणि विषय संपवा. कागदावर तो नीट दिसतो. त्यात अडचण अशी की वेगळा रकाना ठेवल्याने बाकीच्या रकान्यांतला परिणाम थांबत नाही. देखणे पान पाहून भाळलेला परीक्षक टापटिपीचे दोन देतोच, वर भिंगाच्या गणितातही चिन्हाची चूक माफ करतो. एकाच अक्षराला दोनदा बक्षीस मिळते. म्हणून विज्ञान, गणित, इतिहास, भूगोल यांत असा रकाना नसावा. भाषेच्या विषयात सुलेखन शिकवायचे असेल, तर ते वर्षभरात वेगळे शिकवावे आणि शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनात, मुलाच्या हाताशी बसून पाहावे. तीन तासांच्या शर्यतीत ते मोजता येत नाही.

शर्यत म्हणतो ते उगाच नाही. अक्षर लिहिताना लक्ष खर्च होते. ज्याचा हात सरावलेला आहे त्याला अक्षर वळवायला विचार करावा लागत नाही, त्यामुळे सगळे डोके उत्तराकडे राहते. ज्याचा हात सरावलेला नाही तो प्रत्येक जोडाक्षरावर थोडा थांबतो, आणि त्या थांबण्यात पुढचे वाक्य निसटते. अमेरिकेत व्हर्जिनिया बर्निंजर आणि स्टीव्ह ग्रॅहम यांनी हे बरीच वर्षे अभ्यासले: हाताची सहजता कमी असेल, तर लिखाण आखूड होते आणि त्याचा दर्जाही घसरतो. म्हणजे हळू हाताचे मूल तपासणीच्या आधीच काही गुण गमावून बसलेले असते. शेवटचा प्रश्न सुटलेला असतो, चार मुद्द्यांऐवजी दोनच झालेले असतात. त्यावर पुन्हा अक्षराचे गुण कापणे म्हणजे एकाच कमतरतेचा दंड दोनदा वसूल करणे.

आणि हात सरावतो कुठे? लल्लूभाई कंपाउंडमधल्या पुनर्वसनाच्या इमारतींत एका कुटुंबाला मिळते ते २२५ चौरस फुटांचे घर. त्यात स्वयंपाक, झोपणे, लहान भावंडे, टीव्ही, सगळे आले. लिहिणे होते ते मांडीवर, पलंगाच्या कडेवर किंवा जिन्याच्या पायरीवर. वही तिरकी, दिवा मागून, हाताखाली टेकू नाही. मानखुर्द ज्या एम-पूर्व विभागात येतो, तो मुंबई महापालिकेच्या २००९ च्या मानव विकास अहवालात शहरातल्या २४ विभागांत सर्वांत खाली होता. तिथल्या मुलांचे अक्षर वाईटच असते असे मी म्हणत नाही. तिथे शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहिणारी अशी मुले असतात की त्यांच्या अक्षराचा हेवा वाटावा. सांगायचे इतकेच की वळणदार अक्षरामागे टेबल, उजेड, वेळ आणि लिहायला वाया घालवता येतील अशा वह्या असतात. बारकोडने मुलीचा पत्ता झाकला. टापटिपीला गुण दिले तर तो पत्ता पुन्हा वाचला जातो.

काही हातांना तर सराव करूनही वळण येत नाही. लेखन-अक्षमता, म्हणजे डिसग्राफिया, हा आळस नाही. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आणि नायर रुग्णालयात अध्ययन-अक्षमतेची तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळते, आणि त्यावर मंडळाकडून जादा वेळ किंवा लेखनिक अशा सवलती मिळतात. मानखुर्दकरांना ही दोन्ही रुग्णालये फार दूर नाहीत, पण या सवलतीची माहिती तिथपर्यंत पोचतेच असे नाही. कायदाही आता पुढे गेला आहे. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या त्या उमेदवाराला आयोगाने लेखनिक नाकारला होता, कारण त्याचे अपंगत्व ठरावीक टक्केवारीत बसत नव्हते. न्यायालयाने म्हटले की टक्केवारीची अट लावून ही सोय नाकारता येणार नाही. पण कुठलेच प्रमाणपत्र न काढलेल्या मुलाची उत्तरपत्रिका गठ्ठ्यात इतरांसारखीच पडलेली असते, आणि परीक्षकाला ती फक्त गिचमिड दिसते.

तर मग तपासायचे कसे? शाळेतल्या चाचणीपुरते तरी शिक्षकाच्या हातात बरेच आहे. सगळ्यात उपयोगी बदल म्हणजे पेपर एकेक मूल घेऊन न तपासता एकेक प्रश्न घेऊन तपासणे. आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा. त्यामुळे एका मुलाच्या पहिल्या पानावर बनलेले मत त्याच्या पाचव्या पानापर्यंत वाहत जात नाही. दोन प्रश्नांच्या मध्ये गठ्ठ्याचा क्रम बदलावा, कारण उत्कृष्ट अक्षराच्या लगेच पाठोपाठ येणारा साधा पेपर आहे त्यापेक्षा वाईट दिसतो. आणि गुण कापताना स्वतःला एकच विचारावे: हा गुण कुठे गेला ते लाल शाईने बोट ठेवून दाखवता येईल का? ‘ऋण चिन्ह नाही’ हे दाखवता येते. ‘एकंदरीत’ हे दाखवता येत नाही, आणि अक्षराचे गुण बहुतेक वेळा ‘एकंदरीत’मधूनच जातात.

आपला हात कुठे झुकतो हे कळण्यासाठी जेम्स यांची जुनी युक्ती शाळेतही करता येते. चाचणीतली सात-आठ वाईट अक्षराची उत्तरे एखाद्या सहकाऱ्याकडून स्वच्छ उतरवून घ्यावीत, चुकांसकट. काही आठवड्यांनी ती दुसऱ्या गठ्ठ्यात मिसळून, कुणाची ते न कळता तपासावीत आणि आधीच्या गुणांशी ताडून पाहावीत. एखाद्या गुणाचा फरक इकडे-तिकडे सगळीकडेच पडतो. एकाच माणसाने एकच पेपर दोनदा तपासला तरी तो पडतो. पण बहुतेक सगळ्या उत्तरांत तो वरच्याच दिशेने पडला, तर समजावे की पहिल्या वेळी अक्षराने गुण खाल्ले.

तयारीने फरक पडतो याचाही पुरावा आहे. इंग्लंडमध्ये मॅसी यांनी १९८३ मध्ये ए-लेव्हलच्या इंग्रजी साहित्याच्या उत्तरपत्रिका तपासल्या, म्हणजे तिथल्या बारावीच्या तोडीच्या, लांबलचक निबंधांच्या. मुरलेल्या परीक्षकांच्या त्या गुणांत त्यांना हस्ताक्षराचा असा परिणाम सापडला नाही. विद्यार्थी-शिक्षकांच्या हातून जे घडत होते, ते नेमकी गुणयोजना हाती असलेल्या आणि वर देखरेख असलेल्या परीक्षकांच्या हातून घडले नाही. आपल्याकडे मुख्य नियामक आदर्श उत्तरे ठरवतात, परीक्षक तपासतात आणि नियामक त्यांतल्या काही पुन्हा पाहतात. ही चौकट आहेच. नियामकाने पुन्हा पाहण्यासाठी उत्तरपत्रिका निवडताना गिचमिड अक्षराच्या आणि उत्तीर्णतेच्या काठावरच्या मुद्दाम उचलल्या, तर या चौकटीचा या कामापुरता पुरेपूर उपयोग होईल. ३४ आणि ३५ यांच्यामधला एक गुण नव्वदीतल्या एका गुणासारखा नसतो.

पडद्यावरच्या तपासणीने हा प्रश्न सुटेल असे वाटत असेल, तर २०१७ मधला मुंबई विद्यापीठाचा अनुभव आठवा. सुमारे सतरा लाख उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासायच्या ठरल्या, निकाल महिनोन्महिने रखडले आणि त्यात कुलगुरूंना पद सोडावे लागले. ते प्रकरण नियोजनाचे होते, अक्षराचे नाही. पण स्कॅन केलेल्या पानावर फिकी शाई आणखी फिकी होते आणि पातळ कागदावर मागच्या पानाची शाई पुढे उमटते, हे विसरता येणार नाही. अशा वेळी हलक्या पेनने हलक्या हाताने लिहिणाऱ्याचा तोटा वाढतो. पडद्याचा खरा फायदा वेगळाच आहे: प्रश्नवार तपासणी तिथे सोपी होते, कारण एकाच प्रश्नाची उत्तरे वेगवेगळ्या परीक्षकांकडे पाठवता येतात.

पालकांसाठी शेवटची गोष्ट. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र राज्य मंडळ विरुद्ध परितोष शेठ या खटल्यात मंडळाचा नियम उचलून धरला होता आणि पुनर्मूल्यांकन मागण्याचा हक्क विद्यार्थ्याला नाही असे ठरले होते. पुढे २०११ मध्ये त्याच न्यायालयाने सीबीएसईच्या प्रकरणात सांगितले की तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क माहिती अधिकारात येतो. आता आपले मंडळ स्वतःच छायाप्रत देते, आणि ती घेतल्यावर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. मुदत थोड्या दिवसांची असते. अक्षर वाईट म्हणून गुण कापले गेले असा संशय असेल, तर अर्जात तसे लिहून उपयोग नाही; ते कुणी मान्य करणार नाही आणि सिद्धही होणार नाही. छायाप्रत विषयशिक्षकांसमोर ठेवा, उत्तरातली अपेक्षित पायरी एकेक करून शोधा आणि जी लिहिलेली असूनही तिला गुण नाही ती पान क्रमांकासह दाखवा. वाचताना त्यांना एखादा शब्द लागत नसेल, तर मुलाला वाचून दाखवू देऊ नका. तो दुसऱ्या शिक्षकांना वाचायला सांगा. त्यांनाही तो लागला नाही, तर तो गुण गेला असे धरा आणि बाकीच्यांसाठी अर्ज करा.